बेदाण्याच्या माथी सव्वासतरा लाख: एका सामाईक जाहिरात मोहिमेच्या वाटपाचं प्रकरण

सांगलीतलं एक कुटुंब. तीन पिढ्यांचा हळदीचा व्यापार, आणि गेल्या वीसेक वर्षांत त्याच नावाखाली उभे राहिलेले आणखी तीन उद्योग. हळद पावडर थोरले अण्णा बघतात. कांदा-लसूण मसाला आणि इतर मसाले त्यांचा मुलगा बघतो. बेदाणा धाकटे बंधू बापू यांच्याकडे आहे, आणि दोन वर्षांपूर्वी सुरू झालेलं लोणचं घरच्या थोरल्या वहिनी सांभाळतात. कंपनी एक, ब्रँडचं नाव एक, बँकेची मर्यादाही एकच. मात्र दर तीन महिन्यांनी चारही विभागांचा वेगळा नफा-तोटा काढला जातो आणि रविवारी सकाळी तो घरातल्या बैठकीत वाचला जातो. मी त्यांचा बाहेरून येणारा कॉस्ट अकाउंटंट. घराणं ओळखू येऊ नये म्हणून इथले आकडे मी बदलून गोल केले आहेत. त्यांच्यातली प्रमाणं मात्र खरी आहेत.

गणपती ते दिवाळी या हंगामात त्यांनी पहिल्यांदाच मोठी मोहीम केली. सांगली, कोल्हापूर, सातारा आणि सोलापूर या चार जिल्ह्यांत टीव्हीवर तीस सेकंदांची फिल्म, रेडिओ, एसटीच्या पाठीवरचे फलक, होर्डिंग आणि मोबाइलवरच्या जाहिराती. सगळं मिळून ३६ लाख रुपये. जाहिरातीवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणून ही रक्कम कराशिवायची आहे.

सप्टेंबर ते नोव्हेंबरचा अहवाल लेखापालाने तयार केला तेव्हा हा खर्च चौघांत वाटायचा होता. त्याने नेहमीच्या रीतीने तो विक्रीच्या प्रमाणात वाटला. एकूण विक्री १० कोटी: हळद ३ कोटी, मसाले १ कोटी ८० लाख, बेदाणा ४ कोटी ८० लाख आणि लोणचं ४० लाख. त्यामुळे बेदाण्याच्या वाट्याला १७ लाख २८ हजार आले आणि लोणच्याच्या वाट्याला १ लाख ४४ हजार. मोहिमेआधी बेदाण्याचा नफा १५ लाख होता. वाटपानंतर तो २ लाख २८ हजारांचा तोटा झाला. लोणच्याचा नफा ४ लाखांवरून २ लाख ५६ हजारांवर आला, पण नफाच राहिला.

बापू अहवाल घेऊन माझ्याकडे आले ते थेट एकाच प्रश्नावर. "साहेब, त्या तीस सेकंदांत माझा बेदाणा किती वेळ दिसतोय सांगा. मी चार वेळा बघितली की हो. शेवटी सगळे डबे एकत्र ठेवलेत, त्यात एक पुडी आहे. त्या एका पुडीचे सतरा लाख?"

त्यांचा राग मला पटला. पण पडद्यावर किती वेळ दिसलं हे माप मला पुरेसं वाटलं नाही. होर्डिंगवर तर एकही उत्पादन नव्हतं, फक्त नाव होतं. मग होर्डिंगचे पैसे कोणी द्यायचे?

विक्री हा आधार का फसला

विक्रीच्या प्रमाणात वाटणं सोपं असतं आणि त्यावर फारसं कोणी भांडत नाही, म्हणून ते सगळीकडे चालतं. त्यामागे एक न बोललेलं गृहीतक असतं: विक्रीचा प्रत्येक रुपया ब्रँडच्या नावाचा सारखाच लाभ घेतो. इथे ते गृहीतक बेदाण्याच्या बाबतीत साफ कोसळतं.

बापूंच्या ४ कोटी ८० लाखांपैकी ४ कोटी २० लाख सुटा माल आहे. पंधरा किलोच्या खोक्यांत तो बाहेरच्या व्यापाऱ्यांना आणि मिठाईवाल्यांना जातो. तो घेणारा माणूस नमुन्याचा रंग, जाडी, देठ किती राहिलेत आणि दर हे बघतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सुट्या बेदाण्याच्या मागे नाव असेल तर ते सांगली-तासगावचं आहे, या घराण्याचं नाही. खोक्यावर ब्रँडचं चित्रही नसतं. सोलापूरच्या बसच्या पाठीवर या कंपनीचं नाव वाचून इंदूरच्या व्यापाऱ्याने दोन टन जास्त उचलले, असं व्हायचं नाही. ब्रँडच्या नावाने विकला जाणारा बेदाणा म्हणजे पाव आणि अर्धा किलोच्या पुड्या. त्यांची विक्री ६० लाख, आणि त्यातलाही मोठा भाग दिवाळीच्या भेटखोक्यांतून मुंबईला जातो. मोहिमेच्या चार जिल्ह्यांत अंदाजे २० लाखांच्याच पुड्या खपतात.

दुसरी अडचण मार्जिनची. सुट्या बेदाण्यात रुपयामागे तीन-साडेतीन पैसे सुटतात, मसाल्यात तीस. शंभर रुपयांच्या विक्रीवर दोघांना सारखाच जाहिरातखर्च लावला, तर कमी मार्जिनचा धंदा कागदावर बुडतो. बापूंचं नेमकं हेच झालं. धोका कागदापुरता राहिला नाही, कारण अण्णा त्या अहवालावरून सुट्या मालासाठीचं कर्ज कमी करायच्या विचारात होते. बेदाणा बंद केला असता तर मोहिमेचे ३६ लाख एका रुपयानेही कमी झाले नसते. तेच १७ लाख बाकीच्या तिघांवर पडले असते आणि वर बेदाण्याचे १५ लाख गेले असते.

आधी बिलं उलगडली

वाटपाचं सूत्र शोधण्याआधी मी मोहिमेची फाइल मागितली. ३६ लाख हा एक आकडा म्हणून खात्यावर बसला होता. त्यात खरोखर सामाईक किती हे कोणी पाहिलंच नव्हतं. हे काम कंटाळवाणं असतं, दोन दिवस जातात, पण माझ्या अनुभवात निम्मं भांडण इथेच मिटतं.

फिल्म बनवायला ६ लाख, टीव्हीच्या वेळेचे साडेसात लाख, रेडिओचे साडेतीन लाख, होर्डिंग आणि एसटीचे ९ लाख आणि मोबाइल जाहिरातींचे साडेचार लाख. उरलेल्या साडेपाच लाखांत दोन अशा गोष्टी होत्या ज्यांना सामाईक म्हणण्यात काही अर्थ नव्हता. एक, लोणच्याच्या फुकट नमुना पुड्या आणि चाखायला मांडलेले स्टॉल, साडेतीन लाख. फुकट वाटलेल्या मालावरचं जीएसटीचं क्रेडिट परत करावं लागतं, तेही या रकमेत धरलेलं होतं. दुसरी, मसाल्याच्या डब्याचं चित्र असलेल्या दुकानदारांसाठीच्या पिशव्या, दोन लाख.

मग मोबाइल जाहिरातींच्या खात्यात शिरलो. तिथे प्रत्येक जाहिरातीचा खर्च वेगळा दिसतो. साडेचार लाखांपैकी दीड लाख फक्त लोणच्याच्या व्हिडिओंवर गेले होते, आणि दाबल्यावर लोणच्याचंच पान उघडत होतं. ते लोणच्याच्या नावे टाकले. म्हणजे थेट खर्च लोणच्यावर ५ लाख, मसाल्यावर २ लाख, आणि खरोखरच सामाईक उरले २९ लाख.

इथे एक गंमत लक्षात घ्या. विक्रीच्या प्रमाणात लोणच्याला एकूण १ लाख ४४ हजारच लागले होते. त्याच्या एकट्याच्या नमुना पुड्यांचाच खर्च त्याच्या दुपटीहून जास्त होता. म्हणजे लोणचं चाखणाऱ्या गिऱ्हाइकाचे पैसे बापूंचा सुटा बेदाणा भरत होता.

२९ लाखांना आधार कोणता

सामाईक खर्चाला 'खरं' वाटप नसतं, हे मी बैठकीत सुरुवातीलाच सांगून टाकलं. होर्डिंगवरच्या नावाचे किती पैसे हळदीचे आणि किती मसाल्याचे, हे कुठे लिहून ठेवलेलं नाही. आपण एवढंच करू शकतो: लाभ कसा पोचतो याबद्दल एक सरळ गृहीतक मांडायचं, ते उघड लिहायचं आणि त्यावरून वाटायचं.

आम्ही धरलेलं गृहीतक असं. नावाची जाहिरात बघून त्या चार जिल्ह्यांतल्या गिऱ्हाइकाचा हात आपल्या पुडीकडे थोडा जास्त वळतो, आणि सगळ्या उत्पादनांच्या पुड्यांची विक्री साधारण सारख्याच टक्क्यांनी वाढते. समजा ती पाच टक्के वाढली. तर हळदीला होणारा फायदा म्हणजे तिच्या विक्रीवरच्या मार्जिनचे पाच टक्के, मसाल्याला त्याच्या मार्जिनचे पाच टक्के. टक्के किती हे माहीत नसलं तरी चालतं, कारण सगळ्यांना सारखेच धरल्यावर वाटपाचं गुणोत्तर मार्जिनच्या गुणोत्तराएवढंच राहतं. म्हणून आधार ठरला: मोहिमेच्या जिल्ह्यांतल्या, ब्रँडच्या पुडीतून होणाऱ्या विक्रीवरचं मार्जिन. विक्री नव्हे, आणि कंपनीचं एकूण मार्जिनही नव्हे.

हंगामाच्या सुरुवातीच्या अंदाजपत्रकात हे आकडे होते. चार जिल्ह्यांत हळदीची विक्री २ कोटी आणि मार्जिन १८ टक्के, म्हणजे ३६ लाख. मसाल्याची १ कोटी ४० लाख, ३० टक्क्यांनी ४२ लाख. बेदाण्याच्या पुड्या २० लाख, २० टक्क्यांनी ४ लाख. लोणचं ५० लाख, ३६ टक्क्यांनी १८ लाख. बेरीज नेमकी १०० आली. असं दर वेळी येत नाही, पण तोंडी समजवायला बरं पडलं. त्यानुसार २९ लाखांतले हळदीकडे १० लाख ४४ हजार, मसाल्याकडे १२ लाख १८ हजार, बेदाण्याकडे १ लाख १६ हजार आणि लोणच्याकडे ५ लाख २२ हजार गेले.

अंदाजपत्रकच का, प्रत्यक्ष आकडे का नाहीत, असं अण्णांच्या मुलाने विचारलं. प्रश्न रास्त होता, कारण त्याच्या हातात ताजी विक्री होती. उत्तरही त्याच्याच पत्रकातून मिळालं. लोणच्याची विक्री अंदाजाच्या ५० लाखांऐवजी ४० लाखच झाली, म्हणजे मार्जिन १८ नव्हे तर १४ लाख ४० हजार. बाकीचे तिघे अंदाजाइतकेच विकले असं धरून प्रत्यक्ष आकड्यांवर वाटलं, तर बेरीज ९६ लाख ४० हजार होते आणि मसाल्याचा वाटा सुमारे ४५ हजारांनी वाढतो. मसाल्याने काही जास्त केलं नाही, काही कमी केलं नाही. वहिनींचं लोणचं कमी खपलं याचा दंड तो भरतोय. उलट ज्याची विक्री पडली त्याचा खर्चही आपोआप कमी होतो, जणू काही बक्षीसच. प्रत्यक्ष विक्रीवर वाटणाऱ्या कुठल्याही पद्धतीत हा दोष असतो, आणि तो ओळखायची खूण सोपी आहे: एका विभागाच्या अहवालातला जाहिरातखर्च बदलला, पण त्या विभागात आणि मोहिमेत काहीच बदललेलं नाही. असं दिसलं की गुणोत्तर तरंगतंय असं समजावं. आम्ही ते हंगामाआधी ठरवून गोठवायचं असं ठरवलं.

दोन कड्या

एवढ्यावर थांबलो असतो तर गणित बरं दिसलं असतं, पण न्याय झाला असं मी म्हटलं नसतं. सामाईक खर्चाचं वाटप तपासायची एक जुनी आणि साधी रीत आहे. कोणालाही त्याने एकट्याने तेच काम केलं असतं त्यापेक्षा जास्त लावू नये, ही वरची कडी. आणि कोणालाही त्याच्यामुळे जेवढा खर्च नव्याने वाढला त्यापेक्षा कमी लावू नये, ही खालची कडी. वरची कडी तुटली तर त्या विभागाने एकत्र मोहिमेत यायचं कारणच उरत नाही. खालची तुटली तर बाकीचे त्याला पोसतात.

वरच्या कडीसाठी प्रत्येकाला विचारलं, "एकट्याने केलं असतंत तर काय केलं असतं?" हळद आणि मसाले दोघेही चार जिल्ह्यांत जुने. एकट्याने फिल्म आणि फलक म्हटलं तर प्रत्येकी वीस लाखांच्या खाली काम झालं नसतं. त्यांच्या वाट्याला आलेले दहा-बारा लाख त्याहून बरेच कमी होते. लोणचं फक्त सांगली आणि कोल्हापूर शहरांत विकलं जातं. थेट खर्च वगळून तिथल्या पुरतं छोटी फिल्म, मोबाइल, रेडिओ आणि थोडी होर्डिंग असा हिशेब केला, तो साडेसात लाखांवर गेला. ५ लाख २२ हजार त्यात बसतात.

बापू मात्र म्हणाले, "मी फिल्म काढलीच नसती. दिवाळीच्या भेटीची चार पानी पत्रकं छापली असती आणि दुकानातून वाटली असती. ऐंशी हजार." मी त्यांच्याकडे आधीच्या वर्षीचं छापखान्याचं बिल मागितलं, कारण अशा वेळी प्रत्येकाला आपला एकट्याचा खर्च कमीच आठवतो. बिल निघालं ७८ हजारांचं. म्हणजे सूत्राने त्यांना लावलेले १ लाख १६ हजार वरच्या कडीच्या बाहेर होते. त्यांचा वाटा ८० हजारांवर थांबवला आणि राहिलेले ३६ हजार बाकी तिघांत ३६ : ४२ : १८ या त्याच गुणोत्तरात टाकले. रक्कम किरकोळ होती. पण ही एक दुरुस्ती झाल्यावर बापूंनी बाकीच्या आकड्यांना हात लावला नाही.

एक्सेलमध्ये पहिल्या फेरीचं सूत्र एवढंच आहे. `B1` मध्ये सामाईक रक्कम, `C` स्तंभात आधाराचं मार्जिन, `D` मध्ये एकट्याने करण्याचा खर्च:

```
=MIN(D2, $B$1*C2/SUM($C$2:$C$5))
```

ज्याला कडी लागली त्याला बाजूला ठेवायचं, `B1` च्या जागी उरलेली रक्कम आणि `SUM` मध्ये फक्त उरलेल्यांची मार्जिनं घेऊन पुन्हा याच सूत्राने वाटायचं, आणि सगळ्यांची एकूण बेरीज मूळ `B1` शी जुळते का ते बघायचं. ती जुळली नाही तर दुसरी फेरी विसरलेली असते.

खालच्या कडीने मात्र मलाच चकित केलं. फिल्म बनवणाऱ्याशी झालेल्या मेलमध्ये पहिला आराखडा वीस सेकंदांचा होता, हळद आणि मसाल्यांचा. लोणच्याची बरणी नंतर आली आणि फिल्म तीस सेकंदांची झाली. टीव्हीवर जाहिरातीचा दर दहा सेकंदांच्या मापाने लागतो. दोन-तीन सेकंदांसाठी सुटे सेकंद आम्हाला मिळाले नाहीत, पुढचा दहाचा तुकडाच घ्यावा लागला. म्हणजे टीव्हीच्या साडेसात लाखांतला एक तृतीयांश, अडीच लाख, लोणचं आल्यामुळे वाढला. शिवाय चित्रीकरणाचा एक जास्तीचा अर्धा दिवस, ६० हजार. ३ लाख १० हजार ही लोणच्याची सामाईक खर्चातली खालची कडी. थेट ५ लाख मिळवले तर ८ लाख १० हजार. विक्रीच्या वाटपात लोणच्याने भरलेले १ लाख ४४ हजार याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी होते.

नव्या वाटपात लोणच्याचा सामाईक वाटा ५ लाख २९ हजार झाला, दोन्ही कड्यांच्या मध्ये. शेवटचं चित्र असं, लाख रुपयांत:

| विभाग | मोहिमेआधीचा नफा | विक्रीनुसार वाटा | थेट खर्च | सामाईक वाटा | मोहिमेनंतर |
|---|---|---|---|---|---|
| हळद | ३४.०० | १०.८० | – | १०.५७ | २३.४३ |
| मसाले | ३२.०० | ६.४८ | २.०० | १२.३४ | १७.६६ |
| बेदाणा | १५.०० | १७.२८ | – | ०.८० | १४.२० |
| लोणचं | ४.०० | १.४४ | ५.०० | ५.२९ | –६.२९ |
| एकूण | ८५.०० | ३६.०० | ७.०० | २९.०० | ४९.०० |

कंपनीचा नफा तसाच ४९ लाख आहे. वाटपाने एक रुपया निर्माण होत नाही की नाहीसा होत नाही. हळद जवळपास होती तिथेच राहिली, आणि म्हणूनच कदाचित अण्णांना इतके दिवस काही खुपलं नव्हतं.

वहिनींची बाजू

बैठकीत शांतता पसरली ती शेवटच्या ओळीवर. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आता माझं लोणचं तोट्यात." आवाज चढला नव्हता, पण ताट बाजूला सरकवावं तसा कागद सरकवला.

त्यांचा मुद्दा असा होता की नव्या मालाला सुरुवातीच्या वर्षांत जाहिरात जास्तच लागणार, मग ती एकाच हंगामात का मोजायची? अण्णांनी लगेच तोडगा काढला: लोणच्याचे दहा लाख चार हंगामांत पसरवा. हे मला थांबवावं लागलं. हिशेबाच्या पुस्तकांत जाहिरातीचा खर्च झाला की तो त्याच काळात लिहायचा, मालमत्ता म्हणून पुढे ढकलता येत नाही. लेखा मानक २६ मध्ये जाहिरातीचं उदाहरण नाव घेऊन दिलेलं आहे. घरातल्या अहवालाला ते बंधन नाही, हे खरं. पण अहवालाची बेरीज पुस्तकांशी जुळेनाशी झाली की दुसऱ्या वर्षी कोणाला कशाचा मेळ लागत नाही. मी अशा 'पुढे ढकललेल्या' जाहिरातींच्या याद्या पाहिल्या आहेत. त्या कधीच संपत नाहीत.

खर्च तसाच ठेवून मांडणी बदलली. प्रत्येक विभागाच्या पत्रकात तीन पायऱ्या आल्या. पहिली, विभागाचा स्वतःचा नफा, मोहिमेआधी. दुसरी, थेट जाहिरात वजा जाता. तिसरी, सामाईक वाटा वजा जाता. लोणच्याचे आकडे अनुक्रमे ४ लाख, उणे १ लाख आणि उणे ६ लाख २९ हजार. विभागप्रमुखाचं काम दुसऱ्या पायरीवर जोखायचं, कारण नमुना पुड्या किती वाटायच्या हे वहिनी ठरवतात. होर्डिंग किती घ्यायचे हे नाही. तिसरी पायरी किंमत ठरवताना आणि पूर्ण खर्च भरून निघतोय का हे बघताना वापरायची. विभाग ठेवायचा की बंद करायचा हे तिसऱ्या पायरीवरून कधीही ठरवायचं नाही. लोणचं उद्या बंद केलं तर सामाईक २९ लाखांतले फार तर ३ लाख १० हजार वाचतात, ५ लाख २९ हजार नाही.

वहिनींना दुसऱ्या पायरीचा उणे एक लाख मान्य झाला. "तो माझाच आहे," म्हणाल्या. "पुड्या जरा जास्तच वाटल्या."

जे अजून सैल आहे

आमच्या गृहीतकाचा कमकुवत भाग म्हणजे 'सगळ्यांना सारखे टक्के'. तीस वर्षं घराघरांत असलेल्या हळदीची विक्री जाहिरातीने जेवढी हलते त्यापेक्षा नव्या लोणच्याची जास्त हलेल, असं कोणीही म्हणेल. मग लोणच्याचा वाटा अजून मोठा हवा. पण किती, हे अंदाजाने गुणोत्तरात घातलं असतं तर पुन्हा भांडणच झालं असतं, म्हणून मी ते घातलं नाही. दोन कड्यांनी फार मोठी चूक होऊ दिली नाही, एवढ्यावर समाधान मानलं.

मोजायची एक वाट आहे, ती पुढच्या हंगामात करून बघतोय. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत फलक आणि मोबाइल जाहिराती तीन आठवडे उशिरा सुरू करायच्या, आणि त्या काळात तिथली विभागवार विक्री बाकी भागाशी ताडून बघायची. टीव्ही असा तोडता येत नाही, तो सगळीकडे दिसणारच. शिवाय त्या भागात लोणचं जात नाही, म्हणून त्याच्यासाठी सांगली आणि कोल्हापूर शहरांत वेगवेगळ्या आठवड्यांत सुरुवात करावी लागेल. गणपती-दिवाळीचा धंदा असल्याने आठवडे सारखे नसतात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या त्याच सणाआधीच्या आठवड्यांशी तुलना करायची, तारखांशी नाही. एवढं करूनही उत्तर ढोबळच येईल. पण हळद आणि मसाल्यांच्या टक्क्यांत दुपटीचा फरक दिसला तर गुणोत्तर बदलायला आधार मिळेल.

गेल्या महिन्यात पुढच्या मोहिमेचं गुणोत्तर ठरवायला पुन्हा बसलो. एका कागदावर आधार, प्रत्येकाचं अंदाजित मार्जिन, एकट्याने करण्याचा खर्च आणि चौघांच्या सह्या. काम अर्ध्या तासात उरकलं. चहा आला तेव्हा बापूंनी हळूच विषय काढला: या वेळी फिल्ममध्ये बेदाण्याची पुडी जरा नीट दाखवाल का, दोन सेकंद तरी. पुण्यात पुड्यांची चौकशी होतेय म्हणे.

अण्णा काही बोलायच्या आत वहिनी म्हणाल्या, "तिसात बसतंय, का चाळीस सेकंद घ्यायला लागतायत, ते आधी विचारा."